दोष लॅपटॉपचा नव्हताच: नेरुळच्या अकाउंट्स क्लासमधल्या टीव्हीच्या कापलेल्या कडा

तक्रार अशी आली: "मॅडमचा लॅपटॉप टीव्हीला लावला की सगळं नीट दिसतं. सरांचा लावला की चारी बाजूंनी कापलं जातं. सरांचा लॅपटॉप दाखवायचाय." नेरुळ पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात हा अकाउंट्सचा क्लास आहे. अकरावी-बारावी कॉमर्सची मुलं आणि संध्याकाळी टॅली शिकायला येणारे नोकरदार, असे दोन वर्ग. भिंतीवर 43 इंची फुल एचडी टीव्ही, पाच-सहा वर्षांचा. वर्ग संपल्यावर मॅडमचे सासरे त्यावर बातम्या बघतात, म्हणून त्याला सेट-टॉप बॉक्सही जोडलेला. टॅलीचा वर्ग घेणारे सर ठाण्याहून येतात आणि स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात.

तक्रार चुकीची नव्हती, पण तिच्यातला निष्कर्ष उलटा होता. बिघडलेलं जे होतं ते दोन्ही लॅपटॉपच्या बाहेर होतं, आणि ज्या लॅपटॉपवर "सगळं नीट" दिसत होतं तिथेच चित्राचं जास्त नुकसान होत होतं. प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं ते त्यामुळेच. कडा कापल्या जाण्याची तक्रार नेहमीची आहे. पण ती अर्धवट दुरुस्त केली की जे उरतं ते ओळखायला कठीण असतं.

आधी सरांच्या लॅपटॉपवर काय दिसत होतं ते. विंडोज 10, खालचा टास्कबार जेमतेम निम्मा. डावीकडच्या कोपऱ्यात स्टार्टच्या बटणाची फक्त उजवी पट्टी उरलेली. वर उजवीकडे खिडकी बंद करायची फुली शोधावी लागत होती. टॅलीप्राइममध्ये उजव्या बाजूला जी बटणांची पट्टी असते, F4 कॉन्ट्रा, F5 पेमेंट, F6 रिसीट, F7 जर्नल, तिच्यातल्या शब्दांची शेपटं टीव्हीच्या चौकटीबाहेर गेली होती. शिकवताना हीच पट्टी मुलांना दिसायला हवी, कारण कुठलं व्हाउचर कुठल्या कळीवर हे त्यांना अजून पाठ नसतं. सर बिचारे तोंडाने सांगत होते, "इकडे खाली क्विट आहे, तुम्हाला दिसत नसेल."

मी त्यांना माउसचा बाण उजव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन क्लिक करायला सांगितलं. बाण टीव्हीवरून नाहीसा झाला आणि खिडकी बंद झाली. ही या दोषाची सगळ्यात सोपी खूण. फुली जागेवर आहे, विंडोजच्या लेखी ती पडद्यावरच आहे, फक्त टीव्ही ती दाखवत नाही. रेझोल्यूशनचा घोळ असता तर वेगळं दिसलं असतं: बाण कडेला नेल्यावर सगळा डेस्कटॉप सरकला असता, किंवा चित्राभोवती काळी पट्टी राहिली असती आणि बाण त्या पट्टीच्या अलीकडेच अडला असता.

दुसरी खात्री स्क्रीनशॉटची. सरांच्या लॅपटॉपवर विंडोजची कळ आणि PrtScn दाबून चित्र घेतलं, ते Pictures मधल्या Screenshots या फोल्डरात जातं. लॅपटॉपच्या पडद्यावर ते उघडलं तर टास्कबार पूर्ण, फुली पूर्ण, टॅलीची पट्टी पूर्ण. म्हणजे लॅपटॉप चित्र तयार करतोय ते अख्खं. मग त्याच्या कडा जातात कुठे? केबल तर कडा कापत नाही. केबल खराब असेल तर चित्र लुकलुकतं, पांढरे ठिपके येतात किंवा "नो सिग्नल" येतं. चारी बाजूंनी सारखी पट्टी मोजून कापायचं काम केबलला जमत नाही. हे सांगायचं कारण, क्लासने आधीच एक नवी, महागातली एचडीएमआय केबल आणून बघितली होती.

उरला टीव्ही. पण टीव्हीवर संशय घ्यायला कोणी तयार नव्हतं. "टीव्हीच खराब असता तर माझ्या लॅपटॉपवर पण कापलं गेलं असतं ना?" मॅडमचा प्रश्न रास्त होता.

म्हणून मॅडमचा लॅपटॉप जोडला. खरंच सगळं दिसत होतं, चारही कोपरे जागेवर. पण जवळ जाऊन बघितलं तर एक्सेलच्या चौकटीच्या रेषा कुठे जाड, कुठे पुसट. मागच्या बाकावरून आकडे वाचताना 6 आणि 8 मध्ये गफलत होते असं मुलांनी पूर्वी सांगितलं होतं. मॅडमनी ते मुलांच्या डोळ्यांवर ढकललं होतं. मी विचारलं, या लॅपटॉपवर कधी काही सेटिंग केलं होतं का? थोडं आठवून त्या म्हणाल्या, "टीव्ही लावला तेव्हा इथेही कापलं जायचं. माझ्या भाच्याने काहीतरी करून दिलं."

भाच्याने काय केलं ते त्या लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या पॅनेलमध्ये सापडलं. Display या पानावर HDMI Scaling नावाची सरकपट्टी होती आणि ती शून्यावरून पुढे सरकवलेली होती. तिचं काम एवढंच, की बाहेरच्या टीव्हीला पाठवायचं चित्र आधी लहान करायचं आणि उरलेल्या जागेत चारी बाजूंनी काळी किनार भरायची. टीव्ही कडा कापतो म्हणून त्याला कापायला काळी किनार द्यायची. टीव्ही ती किनार कापतो आणि आपल्याला आतलं चित्र पूर्ण दिसतं. युक्ती चलाख आहे, आणि कॉलेजातल्या मुलाने ती स्वतः शोधली असेल तर त्याचं कौतुकच. पण तिची किंमत मोजावी लागते.

ती किंमत समजण्यासाठी टीव्ही मुळात काय करतो ते पाहायला हवं. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. आलेल्या चित्राच्या कडा सोडून द्यायच्या आणि मधला भाग ताणून पडदा भरायचा. हे खूळ नळीच्या टीव्हीच्या काळातलं आहे. काचेच्या नळीत इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून चित्र रेखाटलं जायचं, आणि ते किती रुंद पडेल हे भागांच्या वयावर, तापमानावर आणि विजेच्या दाबावर अवलंबून असायचं. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की चित्र बाजूंनी आकसायचं, हे स्टॅबिलायझर बाळगलेल्या घरांत अनेकांना आठवत असेल. आकसलं तरी काळी कड दिसू नये म्हणून कारखान्यातच चित्र चौकटीपेक्षा मोठं ठेवत. प्रक्षेपण करणारेही ते धरूनच चालत: महत्त्वाची हालचाल चित्राच्या मधल्या 90 टक्क्यांत, अक्षरं मधल्या 80 टक्क्यांत ठेवायची, हा स्टुडिओतला जुना नियम. कडेला काही महत्त्वाचं नसायचंच, त्यामुळे कापलं गेल्याचं कोणाला कळायचंही नाही.

सपाट पडद्याच्या टीव्हीत हे कारण उरलं नाही. तिथे प्रत्येक बिंदूची जागा ठरलेली, व्होल्टेज उतरलं म्हणून चित्र आकसत नाही. तरीही सवय उरली, कारण प्रक्षेपणातल्या चित्रांच्या कडा अनेकदा अस्वच्छ असतात, कुठे काळी रेघ, कुठे चमकणारे तुकडे. ग्राहकाला ते दिसण्यापेक्षा थोडं कापलेलं बरं, असा हिशेब. सिनेमा-मालिकेत तो चालतो. संगणकाचं मात्र उलट आहे. त्याने सगळी महत्त्वाची बटणं नेमकी कडेलाच लावलेली असतात.

आता आकडे. टीव्हीचा पडदा 1920 बाय 1080 बिंदूंचा. प्रत्येक बाजूने अडीच टक्के कापलं तर डावीकडून 48, उजवीकडून 48, वरून 27 आणि खालून 27 बिंदू जातात. उरतं 1824 बाय 1026, तेच ताणून पुन्हा 1920 बाय 1080 केलं जातं. विंडोज 10 मध्ये साध्या, म्हणजे 100 टक्के आकारात टास्कबार 40 बिंदू उंच असतो. त्यातले 27 गेले की 13 उरतात. अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, पण ते टास्कबारच्या वाट्याला दोन तृतीयांश बनून येतं. सरांकडे निम्मा टास्कबार उरत होता आणि एक तृतीयांश नाही, याचं कारण वेगळं आहे. ते पुढे येईल.

मॅडमच्या लॅपटॉपवर काय घडत होतं? त्यांचा डेस्कटॉप 1920 बाय 1080. ग्राफिक्सने तो दाबून साधारण 1824 बाय 1026 मध्ये बसवला आणि भोवती काळी किनार लावली. टीव्हीने किनार कापली आणि आतला भाग ताणून परत 1920 बाय 1080 केला. झेरॉक्सवाल्याने कागद 95 टक्क्यांवर लहान करावा आणि ती प्रत पुन्हा मोठी करावी, तसं. मापाने शेवटी तेच, पण 1080 ओळींचा मजकूर मध्ये 1026 ओळींतून गेला. त्या 54 ओळींची माहिती एकमेकींत मिसळली, ती परत येत नाही. एका बिंदूची बारीक रेषा दोन बिंदूंवर पसरून राखाडी होते. काही रेषा योगायोगाने बऱ्या राहतात, म्हणून एकाच तक्त्यात जाड-पुसट असा खेळ दिसतो. 8 च्या मधली गाठ आणि 6 ची पोकळी यांत लहान अक्षरात एक-दोन बिंदूंचाच फरक असतो, आणि तोच पुसला जात होता. मुलांचे डोळे ठीक होते.

शिवाय हे सेटिंग त्या एका लॅपटॉपपुरतं. सरांच्या लॅपटॉपवर ते नव्हतं म्हणून तिथे टीव्हीचं मूळ वागणं उघडं पडत होतं. मॅडमच्या लॅपटॉपवरही ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर नव्याने टाकलं की ते पुसलं जाऊ शकतं. ज्याच्याकडे दोष आहे त्याच्याकडेच तो मिटवला तर हे सगळं वाचतं.

हे डोळ्यांनी दाखवल्याशिवाय पटणार नव्हतं, म्हणून मी एक मोजपट्टीचं चित्र वापरतो ते दाखवलं. कोणालाही करता येईल. विंडोजमध्ये PowerShell उघडून हे चिकटवायचं:

```
Add-Type -AssemblyName System.Drawing
$b = New-Object System.Drawing.Bitmap 1920,1080
$g = [System.Drawing.Graphics]::FromImage($b)
$g.Clear('White')
$p = [System.Drawing.Pens]::Black
foreach ($n in 0,10,20,30,40,50,60) {
  $g.DrawRectangle($p, $n, $n, 1919-2*$n, 1079-2*$n)
}
for ($y=400; $y -lt 680; $y+=2) {
  $g.DrawLine($p, 700, $y, 1220, $y)
}
$b.Save("$HOME\kada.png")
```

यातून एकात एक सात चौकटी तयार होतात. पहिली अगदी कडेला, पुढची दर 10 बिंदू आत. मधोमध एक आडवा पट्टा असतो: एक ओळ काळी, एक पांढरी, पुन्हा काळी. हे चित्र डेस्कटॉपचा वॉलपेपर म्हणून लावायचं, आयकॉन लपवायचे आणि वरची व बाजूंची कड बघायची. खाली टास्कबार आडवा येतो. मात्र डेस्कटॉपचं रेझोल्यूशन 1920 बाय 1080 असायला हवं, नाहीतर चित्र आधीच लहान-मोठं होऊन मोजमाप फसतं.

मॅडमच्या लॅपटॉपवर सरकपट्टी होती तशी ठेवून आधी पाहिलं. सातही चौकटी दिसत होत्या, पण रेषा फिकट. आणि मधल्या पट्ट्यात काळ्या-पांढऱ्या ओळींऐवजी मळकट राखाडी रंगावर रुंद लाटा उमटल्या होत्या. बिंदूला बिंदू जुळत नसला की हाच नमुना येतो. यात मताला जागा नाही, लाट दिसली की कुठेतरी चित्र ताणलं किंवा दाबलं जातंय. मग सरकपट्टी शून्यावर आणली. लगेच कडा कापल्या गेल्या, आणि मॅडम म्हणाल्या, "हेच ते, तेव्हा असंच व्हायचं." वरून पहिल्या तीन चौकटी गेल्या आणि 30 ची दिसत होती. बाजूंनी पाच गेल्या, 50 ची दिसत होती. 27 आणि 48 या आकड्यांशी हे जुळतं: अडीच-अडीच टक्क्यांचा ओव्हरस्कॅन. लाटा अजून होत्याच, कारण टीव्हीचं ताणणं चालू होतं.

आता टीव्हीचा रिमोट. पिक्चरच्या मेन्यूत आस्पेक्ट रेशो उघडलं. तिथे 16:9 निवडलेलं होतं आणि त्याखाली Just Scan, 4:3, Zoom असे पर्याय होते. हे पान आधी कोणी पाहिलं नव्हतं असं नाही. सर इथपर्यंत आले होते, पण टीव्हीचा पडदा 16:9 चा आहे, डेस्कटॉपही 16:9 चा, म्हणजे निवड बरोबरच आहे असं समजून परत फिरले होते. गोम इथेच आहे. 16:9 हा फक्त आकार सांगतो. चारी बाजूंनी सारख्या प्रमाणात कापून ताणलेलं चित्रही 16:9 चंच राहतं, त्यात गोल गोलच दिसतो, म्हणून कशाची शंकाही येत नाही. Just Scan वेगळी गोष्ट सांगतं: आलेलं चित्र कापू नकोस, ताणू नकोस, आहे तसं बिंदूला बिंदू लाव.

ते निवडताच सातही चौकटी आल्या. सगळ्यात बाहेरची, एका बिंदूची रेषा टीव्हीच्या चौकटीला अगदी चिकटून दिसत होती. मधल्या पट्ट्यातल्या लाटा गेल्या आणि जवळ गेल्यावर एकेक ओळ वेगळी मोजता येऊ लागली. एक्सेल उघडलं, रेषा सगळ्या सारख्या. मॅडम मागच्या बाकावर जाऊन बसल्या आणि आकडे वाचून आल्या.

इथे क्रमाबद्दल एक सांगतो. सरकपट्टी तशीच ठेवून आधी Just Scan लावलं असतं तर चित्र लहान होऊन भोवती काळी किनार दिसली असती, आणि बहुतेक जण तिथे "हे तर आणखी बिघडलं" म्हणून Just Scan काढून टाकतात. टीव्हीने सगळं दाखवायला सुरुवात केली की लॅपटॉपने भरलेली काळी किनारही तो प्रामाणिकपणे दाखवतो. म्हणून आधी लॅपटॉपकडची सगळी जुळवाजुळव काढायची, कडा पुन्हा कापलेल्या पाहायच्या, आणि मग टीव्हीकडे वळायचं.

हाच पर्याय वेगवेगळ्या कंपन्यांनी वेगवेगळ्या नावांनी ठेवला आहे, आणि नाव माहीत नसेल तर मेन्यूत तो समोर असून दिसत नाही. एलजीत Just Scan. नव्या टीव्हींत तो 16:9 च्या पोटात चालू-बंद अशा रूपात असतो. सॅमसंगच्या जुन्या टीव्हीत पिक्चर साइजमध्ये Screen Fit, नव्यांत Fit to Screen. सोनीत डिस्प्ले एरियामध्ये Full Pixel. फिलिप्समध्ये Unscaled, शार्पमध्ये Dot by Dot. काहींमध्ये सरळ Overscan असं लिहिलेलं असतं आणि ते बंद करायचं असतं. म्हणजे तिथे "ऑफ" हे आपल्याला हवं असलेलं उत्तर. Zoom किंवा Cinema Zoom चा याच्याशी संबंध नाही, ते आणखी कापतात.

पर्याय आहे पण राखाडी पडलाय, निवडता येत नाही, असंही होतं. सहसा त्याचं कारण आलेल्या सिग्नलमध्ये असतं. हा पर्याय 720p, 1080i, 1080p अशा एचडी सिग्नलसाठी ठेवलेला असतो; लॅपटॉप 640 बाय 480 किंवा 480p पाठवत असेल तर तो मिळत नाही. रिमोटवरचं इन्फोचं बटण दाबून टीव्ही काय पकडतोय ते आधी वाचावं आणि विंडोजमधून 1920 बाय 1080 लावून मग मेन्यू पुन्हा उघडावा. आणि पर्यायच नसेल तर इनपुटच्या यादीत जाऊन त्या एचडीएमआयला PC असं नाव किंवा चिन्ह देता येतं का बघावं. बऱ्याच टीव्हींत हे नुसतं लेबल नसतं. PC म्हटलं की टीव्ही ओव्हरस्कॅन आपणहून सोडतो, आणि वर रंगीत अक्षरांच्या कडाही सुधारतात. हेही नसलेला टीव्ही असेल, तर भाच्याची सरकपट्टी हाच मार्ग उरतो, आणि तिथे तो योग्यच आहे.

सरांनी एक चांगला प्रश्न विचारला: लॅपटॉप टीव्हीला सांगू शकत नाही का, की मी सेट-टॉप बॉक्स नाही, मला कापू नकोस? सांगू शकतो. एचडीएमआयवर चित्रासोबत एक छोटी माहितीची चिठ्ठी जाते, तिला एव्हीआय इन्फोफ्रेम म्हणतात. हे चित्र कडा कापल्या जातील असं धरून बनवलंय की पूर्ण दाखवायला, याची खूण करायची सोय तिच्यात आहे, आणि हा मजकूर संगणकाचा आहे असं सांगणारी वेगळी खूणही. पण खूण न करणंही नियमात बसतं, आणि केली तरी ती मानायची की नाही हे टीव्ही ठरवतो. त्यात 1920 बाय 1080 हे माप टीव्हीच्या दुनियेतलं धरलं जातं, संगणकाच्या नाही. त्यामुळे खुणेअभावी सेट-टॉप बॉक्सचं चित्र आणि सरांची बॅलन्सशीट यांत टीव्हीला फरक दिसत नाही. नव्या टीव्हींत हे बरंचसं आपोआप होतं. या वयाच्या टीव्हीवर विसंबू नये.

आता सरांच्या लॅपटॉपची उरलेली बाब. Just Scan लावल्यावर त्यांच्याही कडा पूर्ण आल्या, न काही करता, आणि मॅडमनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिथेच मिळालं. पण त्यांची अक्षरं मॅडमच्याइतकी रेखीव नव्हती. त्यांच्या लॅपटॉपचा स्वतःचा पडदा 1366 बाय 768 चा, आणि ते Duplicate मध्ये, म्हणजे दोन्हीकडे तेच दिसेल असं चालवत होते. विंडोजच्या अॅडव्हान्स्ड डिस्प्ले पानावर दोन ओळी असतात: Desktop resolution आणि Active signal resolution. टीव्हीसाठी तिथे अनुक्रमे 1366 बाय 768 आणि 1920 बाय 1080 दिसलं. लॅपटॉप लहान डेस्कटॉप बनवून, तो स्वतःच ताणून टीव्हीला पाठवत होता. निम्म्या टास्कबारचं कोडं इथेच सुटतं: सिग्नलमधल्या 27 बिंदूंचे त्यांच्या डेस्कटॉपवर साधारण 19 होतात, म्हणून 40 पैकी 21 उरत होते.

हे ताणणं टीव्ही थांबवू शकत नाही. त्याच्याकडे चित्र ताणलेलंच येतं. विंडोजची कळ आणि P दाबून Second screen only किंवा Extend निवडलं आणि टीव्हीला 1920 बाय 1080 दिलं की अक्षरं रेखीव होतात, ते करून दाखवलं. पण सरांना मुलांकडे तोंड करून, लॅपटॉपकडे बघत शिकवायची सवय. Extend मध्ये टॅलीची खिडकी टीव्हीवर गेली की मान वळवावी लागते. त्यांनी Duplicate च ठेवलं. कडा पूर्ण आहेत, टॅलीतली अक्षरं मोठी आहेत, थोडा मऊपणा त्यांना चालतो. मलाही ते पटलं; सरांची मान अक्षरांच्या कडेपेक्षा महत्त्वाची.

दुसऱ्या आठवड्यात मॅडमचा फोन आला, "परत कापलं जातंय." झालं होतं एवढंच, की मदतनीस मुलाने साफसफाई करताना तारा काढल्या आणि लॅपटॉपची तार HDMI 2 ऐवजी HDMI 1 मध्ये लावली. या टीव्हीत आस्पेक्ट रेशो प्रत्येक इनपुटसाठी वेगळा लक्षात ठेवला जातो. तार HDMI 2 मध्ये परत लावली आणि काम झालं. टीव्हीच्या मागे त्या खाचेजवळ चिकटपट्टीवर "लॅपटॉप" असं लिहून लावायला सांगितलं.

मॅडमनी विचारलं, HDMI 1 वर पण Just Scan लावून टाकू का, म्हणजे कटकट नको? नको म्हटलं. तिथे सेट-टॉप बॉक्स आहे, आणि सासरे बघतात त्यातल्या काही जुन्या एसडी चॅनेलवर कडा उघड्या केल्या की वरच्या बाजूला तुटक लुकलुकणारी रेघ किंवा बाजूला काळी पट्टी दिसू शकते. ती रेघ टीव्ही बिघडल्याची नाही, प्रक्षेपणाच्या कडेचीच घाण आहे, पण आजोबांना ते कोण समजावणार. बातम्यांसाठी अडीच टक्के गेले तरी बिघडत नाही. खालची पट्टी वाचता आली म्हणजे झालं, आणि ती चॅनेलवाले कडेपासून आत ठेवतातच.